मालकाचं नाव झाकलं, पण मालक कोण?

वेबसाइटसाठी डोमेन घेताना नाव शोधून झालं, ते मोकळं आहे हे कळलं, आता पैसे भरायचे एवढंच उरलं की मधेच एक चौकोन पुढे येतो. त्यावर ‘प्रायव्हसी प्रोटेक्शन’ लिहिलेलं असतं, शेजारी वर्षाचे काहीशे रुपये, आणि पुष्कळदा त्यात आधीच टिक केलेलं असतं. खाली भीती घालणारं एक वाक्य असतं: तुमचं नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर साऱ्या जगाला दिसेल. वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. पीक विमा, पॅनकार्ड, उत्पन्नाचे दाखले यांच्या जोडीला आता वेबसाइटची कामंही येतात. या चौकोनापाशी पोचलो की समोर बसलेला माणूस स्क्रीन सोडून माझ्याकडे पाहतो. “ताई, हे घ्याच लागते काय?”

बहुतेकांना मी ‘नाही’ म्हणते. पण ते ‘नाही’ सगळ्यांसाठी सारखं नाही, आणि त्यामागची गोष्ट गिऱ्हाइकांची रांग लागलेली असताना उभ्या-उभ्या सांगण्यासारखी नाही. म्हणून हे लिहिते आहे.

प्रत्येक डोमेनची एक नोंद असते. नाव कोणाचं, कधी घेतलं, कधीपर्यंत भरलेलं आहे आणि कोणत्या रजिस्ट्रारकडून, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडून, घेतलं. ही नोंद कोणीही विचारावी आणि उत्तर मिळावं अशी सोय १९८२ पासून आहे, तिला ‘हू-इज’ म्हणतात. तेव्हाचं नेटवर्क विद्यापीठं आणि प्रयोगशाळांचं होतं. एखादं यंत्र बिघडून बाकीच्यांना त्रास देऊ लागलं तर फोन कोणाला करायचा हे कळावं, एवढाच तिचा उपयोग. पुढे डोमेन दुकानात मिळू लागली तरी नियम तोच राहिला: मालकाचं नाव, टपालाचा पत्ता, ईमेल आणि फोन उघडा ठेवायचा.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. महाभूलेखवर जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर टाकला की कोणाच्याही शेताचा सातबारा दिसतो, आणि त्यावर मालकाचं नाव असतं. गावात कोणी त्याबद्दल तक्रार करत नाही. जमीन घेणाऱ्याला ती कोणाची हे कळायलाच हवं. फरक इतकाच की सातबाऱ्यावर मालकाचा मोबाइल नंबर छापलेला नसतो.

तो छापला तर काय होतं हे मी एका बचत गटाच्या बाबतीत पाहिलं. पापड, कुरडया आणि मसाले करणाऱ्या बाया. गटाच्या अध्यक्षांनी आपल्या नावाने, घरच्या पत्त्यावर, स्वतःचा मोबाइल देऊन डॉट कॉम घेतलं. घेतलं ते एका लहानशा विक्रेत्याकडून, जो नोंदी उघड्याच ठेवत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीवर डाळ असतानाच फोन सुरू झाले. “मॅडम, वेबसाइट बनवायची आहे का? लोगो? गूगलवर पहिल्या नंबरवर आणून देऊ.” कोणी दिल्लीचा, कोणी कोलकात्याचा, आणि सगळ्यांना डोमेनचं नाव पाठ. त्या घाबरून दुकानात आल्या. “अवो ताई, मी तं अजून घरच्याइलेबी सांगतलं नाई, न् याइले कोनं सांगतलं?”

सांगितलं कोणीच नव्हतं. डॉट कॉमची सगळी नावं ज्या यादीत असतात ती यादी त्या नावांचा हिशोब ठेवणारी संस्था, म्हणजे रजिस्ट्री, रोज नवी काढते, आणि रीतसर परवानगी घेऊन ती कोणालाही उतरवून घेता येते. आजच्या यादीतून कालची वजा केली की उरतात ती नव्याने घेतलेली नावं. त्या प्रत्येक नावाची नोंद मग संगणकच विचारून घेतो, आणि जिथे फोन उघडा असेल तिथून तो उचलून एका एक्सेल फाइलमध्ये टाकतो. नाव, शहर, मोबाइल, ईमेल. या फायली विकल्या जातात. फोन करणाऱ्या पोराला आपल्याविषयी बाकी काही ठाऊक नसतं, त्याच्यापुढे फक्त एक ओळ असते.

हे फोन नुसते तापदायक. त्याहून वाईट ती ‘बिलं’. डोमेन संपत आलं आहे, ताबडतोब पैसे भरा, असं सांगणारी पत्रं आणि ईमेल, आणि पाठवणारा भलताच कोणीतरी. बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हे नूतनीकरण नाही, सर्च इंजिनात नाव देण्याची सेवा आहे, किंवा सही केली तर डोमेन आमच्याकडे येईल. अमेरिकेत ‘डोमेन रजिस्ट्री ऑफ अमेरिका’ नावाच्या कंपनीवर अशाच पत्रांपायी तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २००३ मध्ये कारवाई केली होती. संपण्याची तारीख तर आजही जवळपास प्रत्येक नोंदीत उघडी असते. तिच्या शेजारी ईमेलही उघडा मिळाला की असल्या बिलाला पत्ता आयता सापडतो.

तर चौकोनातलं भीतीचं वाक्य एकेकाळी खरं होतं. मग २०१८ चा मे महिना आला. युरोपचा वैयक्तिक माहितीविषयीचा कायदा, जीडीपीआर, २५ मेपासून लागू झाला, आणि डोमेनच्या जगाचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेने घाईघाईने तात्पुरता नियम काढून नोंदीतले बहुतेक रकाने झाकायला लावले. कायदा युरोपातल्या माणसांपुरता. पण कोणता मालक युरोपातला आणि कोणता मोर्शीचा हे निवडत बसण्यापेक्षा बऱ्याच रजिस्ट्रारांनी सगळ्यांच्याच नोंदी झाकून टाकल्या. ‘बऱ्याच’ म्हणते, ‘सगळ्या’ नाही. युरोपाबाहेरच्या मालकाची नोंद झाकायची की नाही हे पुष्कळसं रजिस्ट्रारवर सोडलेलं आहे, आणि बचत गटाचा विक्रेता त्या उरलेल्यांपैकी निघाला.

स्वतःच्या डोमेनचं काय दिसतं ते पाहायला पैसे लागत नाहीत. `lookup.icann.org` उघडायचं आणि नाव टाकायचं. जुन्या हू-इजच्या जागी आता आरडॅप नावाची नवी पद्धत आली आहे, ही साइट तिच्यातूनच विचारते. मालकाच्या रकान्यात `REDACTED FOR PRIVACY` असं आलं तर रजिस्ट्रारने फुकटात झाकलेलं आहे. अशा नोंदीतही राज्य आणि देश दिसतो, संस्थेचं नाव भरलेलं असेल तर ते बहुधा दिसतं, आणि रजिस्ट्रार, नोंदणीची व संपण्याची तारीख आणि डोमेनचा पत्ता सांगणारे नेमसर्व्हर तर दिसतातच. व्यक्तीचं नाव, घराचा पत्ता आणि फोन मात्र दिसत नाही.

डॉट इनचं निराळंच आहे. ती रजिस्ट्री आपल्या देशातल्या निक्सी या संस्थेकडे आहे, आणि तिथे मालकाच्या जागी दुसऱ्याचं नाव लावणारी सेवा चालतच नाही. पण तिथली नोंदही रजिस्ट्रीच झाकते, संस्था, राज्य आणि देश तेवढे उघडे राहतात. म्हणजे डॉट इन घेणाऱ्याला कोणी प्रायव्हसीचे वेगळे पैसे मागितले तर ते कशाचे, एवढं तरी त्याने विचारावं.

मग पैसे घेऊन विकतात ते काय? ते कळायला नोंद झाकणं आणि नोंदीत दुसऱ्याचं नाव घालणं यातला फरक पाहावा लागतो. पहिल्यात मालक तुम्हीच असता, लोकांना दाखवताना फक्त रकाने काळे करतात. दुसऱ्यात मालकाच्या रकान्यात खरोखरच एका सेवा कंपनीचं नाव, तिचा पत्ता आणि तिचा ईमेल बसतो. याला प्रॉक्सी म्हणतात. नोंदीप्रमाणे डोमेन त्या कंपनीचं, आणि तुम्ही तिच्याशी केलेल्या कराराने ते वापरणारे. प्रायव्हसी नावाने विकली जाणारी पुष्कळशी सेवा या दुसऱ्या जातीची असते. तिच्यात काय अडकू शकतं ते आमच्याकडच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या प्रकरणात दिसलं.

कंपनी संत्र्याची. काही गावांतले बागायतदार एकत्र येऊन त्यांनी ती काढली, ग्रेडिंग करून माल खोक्यांत भरून बाहेर पाठवतात. वेबसाइट केली होती एका तरुणाने. डिझाइन, डोमेन, साइट ठेवायची जागा म्हणजे होस्टिंग, सगळं मिळून एकच रक्कम, आणि त्याच्या लेटरहेडवर तीन ओळींचं बिल. साइट चांगली चालली. इतकी, की पुढे खोक्यांवर तिचा पत्ता आणि क्यूआर कोड छापून घेतला. मग एका वर्षी अंबिया बहाराची तोड सुरू झालेली, ट्रका लागलेल्या, आणि एका व्यापाऱ्याने फोन करून सांगितलं की खोक्यावरचा कोड मारला की भलतंच पान उघडतं. कंपनीचे अध्यक्ष आणि एक संचालक दुकानात आले. अध्यक्षांना आम्ही सगळे काकाजीच म्हणतो.

नाव टाकून पाहिलं. संपण्याची तारीख नुकतीच उलटून गेलेली. मालकाच्या रकान्यात इंग्रजी नावाची एक कंपनी, पत्ता अमेरिकेचा, ईमेल म्हणजे दहा-बारा आडव्यातिडव्या अक्षरांची माळ. काकाजी बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिले. “नाव आमचं, पैसा आमचा, खोके आमचे, न् मालक अमेरिकेतला? इकली कोनं वो त्याले?”

विकली कोणीच नव्हती. तो मालक म्हणजे प्रॉक्सी. तिच्यामागे खरा नोंदवलेला माणूस कोण, हे मात्र त्या पानावरून कळायला मार्ग नव्हता. नोंद उघडी असती तर पहिल्याच वर्षी कोणीतरी पाहून विचारलं असतं की मालकाच्या जागी कंपनीचं नाव का नाही. झाकलेली असल्यामुळे मालक भलताच आहे हे मालकालाच दिसलं नाही. प्रायव्हसीच्या जाहिरातीत ही बाजू मी कुठे वाचलेली नाही.

वाटा किती उरल्या ते पाहू लागलो. नोंदीतल्या त्या अक्षरमाळेच्या ईमेलवर लिहिता येतं, प्रॉक्सी ते पत्र मागच्या खऱ्या ईमेलवर ढकलते. लिहिलं, उत्तर आलं नाही. रजिस्ट्रारला लिहिलं. त्याने नम्रपणे कळवलं की ज्याचं खातं आहे त्याच्याशीच आम्ही बोलू शकतो. बिल दाखवलं, पण ते त्या तरुणाचं होतं, रजिस्ट्रारचं नव्हे, त्यामुळे त्याने काहीच सिद्ध होत नव्हतं. संचालक म्हणाले, केस करू. डोमेनच्या भांडणासाठी यूडीआरपी नावाची लवादाची पद्धत १९९९ पासून आहे, आणि अशी तक्रार दाखल झाली की रजिस्ट्रारला प्रॉक्सीमागचं नाव लवादाला सांगावं लागतं हे खरं. पण जिनिव्हाच्या वायपो या संस्थेकडे एका पंचासमोर जायचं तर फीच १५०० डॉलर, म्हणजे सव्वा लाखाच्या वर, वकील वेगळा. शिवाय तुमचा ट्रेडमार्क आहे आणि समोरच्याने ते नाव वाईट हेतूनेच घेतलं व वापरलं हे दाखवावं लागतं. कंपनीने ट्रेडमार्क घेतलेला नव्हता, आणि त्या पोराने नाव घेतलं होतं ते कंपनीच्याच सांगण्यावरून.

आणि वेळ जात होता. डॉट कॉमची मुदत संपली की ते लगेच मोकळं होत नाही. रजिस्ट्रारकडे जास्तीत जास्त ४५ दिवसांची सवलत असते, मात्र ती पूर्ण देणं त्याला बंधनकारक नाही, आणि नाव बरं असेल तर या काळातच ते लिलावाला लागू शकतं. तिथून खोडलं गेलं की ३० दिवस सोडवणुकीचे, त्यात जुना मालक जबर शुल्क भरून ते परत घेऊ शकतो. शेवटी ५ दिवस ते नुसतं पडून राहतं आणि मग ज्याचा हात आधी पोचेल त्याचं. या सगळ्या मुदतीत नाव वाचवण्याचा हक्क खातेदाराचा, आणि खातेदार सापडत नव्हता.

तो सापडला तो आमच्याकडे माणसं जशी सापडतात तसाच. लेटरहेडवरचं आडनाव, त्यावरून गाव, संचालकांचा भाचा त्याच्याच कॉलेजचा, त्याच्याकडून नवा नंबर. पोरगा पुण्यात नोकरीला लागलेला. नूतनीकरणाच्या सूचना कधीपासून जात होत्या त्या जुन्या जीमेलवर, जो त्याने उघडणंच सोडलं होतं. रजिस्ट्रारांनी मुदतीच्या महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि मुदत संपल्यावर अशा सूचना पाठवाव्यात असा आयकॅनचा नियम आहे, आणि त्या पाठवल्याही होत्या. पोरगा लबाड नव्हता. फॉर्म भरताना कंपनीच्या ऑफिसचा पत्ता हाताशी नव्हता म्हणून त्याने हॉस्टेलचा पत्ता आणि आपला मोबाइल टाकला, आणि आपला नंबर जगाला दिसू नये म्हणून प्रायव्हसीला टिक केलं. त्याच्या बाजूने ते बरोबरच होतं. झाकलं गेलं ते त्याचं नाव, पैसे गेले संत्रावाल्यांचे.

पुढचं काम एका बैठकीत झालं. आधी त्याच्याच खात्यातून नूतनीकरण केलं, म्हणजे घड्याळ थांबलं. मग त्याच रजिस्ट्रारकडे कंपनीचं स्वतःचं खातं उघडलं. त्यासाठी दिलेला ईमेल मुद्दाम वेबसाइटच्या नावाचा ठेवला नाही. ज्या डोमेनची मुदत संपायची आहे त्याच्याच ईमेलवर मुदतीच्या सूचना मागवल्या, तर डोमेन बंद पडल्यावर त्या पोचणार कशा? मग पोराने आपल्या खात्यातून डोमेन कंपनीच्या खात्यात ढकललं. रजिस्ट्रार बदलायचा नसेल तर हे सोपं असतं, मंजुरीचे एक-दोन ईमेल आणि झालं. संस्थेच्या रकान्यात कंपनीचं नाव, व्यक्तीच्या रकान्यात काकाजी, फोन ऑफिसचा. नव्या मालकाच्या ईमेलवर आलेला पडताळणीचा दुवा तिथेच दाबला. तो १५ दिवसांत दाबला नाही तर रजिस्ट्रार डोमेन थांबवू शकतो, आणि आमच्याकडे तो ईमेल बहुधा जाहिरातींच्या ढिगात सापडतो.

शेवटी प्रायव्हसी बंद केली. काकाजी जरा कचरले. माझा नंबर जगाला दिसीन ना, म्हणाले. बंद करून नोंद पुन्हा उघडली. अमेरिकेतली कंपनी गेली होती. संस्थेच्या जागी त्यांच्या कंपनीचं नाव, राज्य महाराष्ट्र, देश भारत. काकाजींच्या नावाच्या, पत्त्याच्या आणि फोनच्या जागी तेच `REDACTED FOR PRIVACY`, कारण हा रजिस्ट्रार रकाने स्वतःहूनच झाकत होता. म्हणजे इतकी वर्षं चालू असलेली सेवा काढून टाकल्यावर उघडं पडलं ते फक्त कंपनीचं नाव, जे प्रत्येक खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं आहे. नोंदीतला `clientTransferProhibited` हा शब्द पाहून संचालक दचकले होते. तो नेहमीचा कडी-कोयंडा आहे, डोमेन परस्पर दुसऱ्या रजिस्ट्रारकडे जाऊ नये म्हणून लावलेला, आणि तो असलेलाच बरा.

प्रॉक्सीचा आणखी एक धोका आहे, तो २००७ मध्ये अमेरिकेत दिसला. रजिस्टरफ्लाय नावाचा रजिस्ट्रार कोलमडला आणि आयकॅनने त्याची मान्यता काढली. हजारो लोकांची डोमेन दुसरीकडे हलवायची वेळ आली, तेव्हा ज्यांनी त्याची झाकण्याची सेवा घेतली होती त्यांचा खरा मालक कोण हे ठरवणं अवघड झालं, कारण हाती आलेल्या नोंदीत सेवेचंच नाव होतं. त्यानंतर रजिस्ट्रारांनी मालकांची माहिती तिसऱ्या संस्थेकडे राखून ठेवण्याची पद्धत रुळली, त्यामुळे आजचा प्रसंग तेवढा बिकट होऊ नये. तरी प्रॉक्सी घेणाऱ्याने रजिस्ट्रारच्या खात्यातल्या आतल्या रकान्यांत आपलंच नाव आहे का हे पाहावं, आणि पैसे भरल्याची त्याच्याकडची पावती जपावी. बाहेरून दिसत नाही म्हटल्यावर पुरावा उरतो तो तेवढाच.

आणि झाकून लपता किती येतं? कायद्यापासून तर नाहीच. पोलीस किंवा कोर्ट रजिस्ट्रारकडून नाव मागवू शकतं. प्रॉक्सी कंपनीचाही असाच करार असतो की नुकसान झाल्याचा वाजवी पुरावा घेऊन कोणी आलं तर तिने सात दिवसांत खरं नाव सांगावं, नाहीतर जबाबदारी स्वतःवर घ्यावी. ती जबाबदारी कोणती कंपनी आपल्या गळ्यात घेईल? ज्यांना हेही चुकवायचं असतं ते खोटा पत्ता आणि खोटा नंबर टाकतात. असे महाभाग माझ्याकडेही येतात. मुद्दाम खोटी माहिती दिली, किंवा तिच्याबद्दल विचारल्यावर १५ दिवसांत उत्तर दिलं नाही, तर डोमेन काढून घेता येतं. शिवाय पासवर्ड विसरल्यावर ओटीपी त्या खोट्या नंबरावरच जातो.

जुनी नोंदही पुसली जात नाही. हू-इजच्या नोंदी वर्षानुवर्षं साठवून विकणाऱ्या कंपन्या आहेत. एकदा उघडी राहिलेली माहिती त्यांच्याकडे पोचली की नंतर झाकणाऱ्याला फायदा मिळतो तो पुढच्या दिवसांचा. बचत गटाच्या अध्यक्षांना मी हेच सांगितलं. नवे फोन थांबतील, पण ज्या फाइलमध्ये नंबर गेला ती परत येणार नाही. शिवाय साइटच्या खालच्या पट्टीत ऑर्डरसाठी त्यांचाच व्हॉट्सॲप नंबर होता. फोनपुरतं प्रायव्हसी घेण्यात अर्थ नव्हता, पण घराचा पत्ता साइटवर कुठेच नव्हता आणि नोंदीत मात्र गल्लीसकट होता. बाईमाणूस, दिवसा घरी एकटी. त्यांच्यासाठी वर्षाचे ते काहीशे रुपये मला महाग वाटले नाहीत. मात्र त्याहून स्वस्त उपाय होता, नोंदी फुकटात झाकणाऱ्या रजिस्ट्रारकडे डोमेन नेणं. त्यांनी तेच केलं. डोमेन नवं असल्याने ६० दिवस हलवता येत नव्हतं, तेवढ्या काळापुरती प्रायव्हसी विकत घेतली.

एक गिऱ्हाईक मात्र असं आलं की त्याला मी स्वतःहून ‘घ्या’ म्हटलं. शेजारच्या तालुक्यात रेतीघाटांवर काय चालतं याबद्दल लिहिणारा एक जण. रात्री कोणाचे टिप्पर किती वाजता गेले, फोटोसकट. आपल्या भागात हे लिहिणं म्हणजे काय ते सांगायला नको. त्याचा रजिस्ट्रार रकाने झाकत होता, पण उद्या त्याने धोरण बदललं तर नाव उघडं पडेल, ही त्याची शंका रास्त होती. अशा माणसाला रकाने झाकलेले असताना मागे दुसऱ्याचंच नाव असणं उपयोगाचं. संस्थेचा रकाना त्याने रिकामा ठेवायचा हेही ठरलं.

मग मी त्याची साइट बाहेरून तपासली. डोमेनची मालकीची नोंद एक, आणि ते नाव कोणत्या सर्व्हरकडे जातं हे सांगणारी डीएनएसची नोंद वेगळी. प्रायव्हसीची टिक या दुसऱ्या नोंदीला हातही लावत नाही. तिच्यात एसओए नावाची एक ओळ असते आणि त्या ओळीत जबाबदार माणसाचा ईमेल लिहिण्याची जागा आहे. `dig` ही आज्ञा दिली की ती ओळ अशी दिसते:

```
dig +short SOA example.com
ns1.example.net. malak.example.com. 2024061501 3600 1800 1209600 86400
```

दुसरा शब्द वाचताना पहिल्या टिंबाच्या जागी `@` घ्यायचं, म्हणजे इथे `malak@example.com`. काही होस्टिंगवाले खातं उघडताना दिलेला ईमेल आपोआप इथे बसवतात. याच्या बाबतीत तसंच झालं होतं. नाव आणि आडनाव असलेला त्याचा रोजचा जीमेल त्या ओळीत उघडा होता, कोणालाही एका आज्ञेत वाचता येईल असा. तो त्या दिवशी आला होता मालकीची नोंद झाकायला. आम्ही आधी होस्टिंगच्या पॅनेलमध्ये जाऊन ती ओळ बदलली, फक्त याच साइटसाठी नवा ईमेल काढून तो तिथे टाकला, आणि प्रायव्हसीचे पैसे त्यानंतर भरले.